एका भागाकाराची तीन उत्तरे: रेखीय आणि शाखीय क्रमान्वित अध्ययनाचा एक प्रकरण अभ्यास

बी.एड.च्या पाठ्यपुस्तकांत क्रमान्वित अध्ययनाचे, म्हणजे मजकूर टप्प्याटप्प्याने देऊन प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थ्याचे उत्तर घेणाऱ्या पद्धतीचे, प्रकरण बहुधा एका तक्त्यात आटोपते. डावीकडे स्किनर आणि रेखीय कार्यक्रम, उजवीकडे क्राउडर आणि शाखीय कार्यक्रम, मधल्या ओळींत लहान पायऱ्या, बहुपर्यायी प्रश्न, तात्काळ प्रबलन वगैरे फरक. परीक्षेपुरता तो तक्ता पुरतो. आज संगणकावरचा स्वयंगतीचा पाठ रचायला बसलेल्या शिक्षकाला मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण त्याच्यासमोरची अडचण नेहमी एखाद्या विशिष्ट प्रश्नाच्या एखाद्या विशिष्ट चुकीपाशी उभी असते. म्हणून या अभ्यासात पूर्ण पद्धतींचा आढावा न घेता एकच प्रश्न घेतला आहे आणि तो दोन्ही पद्धतींतून नेऊन शेवटी आजच्या पाठात आणून ठेवला आहे.

प्रश्न नॉर्मन क्राउडर यांचा आहे. १९५० च्या दशकात अमेरिकी हवाई दलात इलेक्ट्रॉनिक यंत्रणांतले बिघाड शोधणाऱ्या तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणावर त्यांनी काम केले आणि त्यातून शाखीय पद्धत आकाराला आली. पद्धत समजावून सांगताना त्यांनी बीजगणितातल्या घातांकांवरचा एक नमुना दिला होता. विद्यार्थ्याला भागाकाराचा नियम, म्हणजे `b^m/b^n = b^(m-n)`, आधीच शिकवलेला आहे. त्याच नियमाने `b^3/b^3` चे उत्तर `b^0` येते, आणि शून्याखेरीज कोणत्याही संख्येला तिनेच भागले की १ मिळतो, म्हणून `b^0 = 1` मानायचे, इथपर्यंत तो पोचलेला आहे. आता पान त्याला विचारते की हाच नियम `b^2/b^3` ला लावला तर काय मिळेल. पर्याय तीन: `b^1`, `b^(-1)`, आणि तिसरा, "या ठिकाणी नियम चालणार नाही". प्रत्येक पर्यायापुढे एक पृष्ठक्रमांक असतो. विद्यार्थ्याने उत्तर निवडायचे आणि त्या पानावर जायचे. पुस्तकाची पाने सलग वाचता येत नाहीत. ती मुद्दाम विखुरलेली असतात, जेणेकरून उत्तर निवडल्याशिवाय पुढे सरकताच येऊ नये. पुढे अशी विखुरलेल्या पानांची पुस्तके अमेरिकेत विक्रीला आली आणि तीच सामग्री मायक्रोफिल्मवर दाखवणारी यंत्रेही निघाली.

चुकीच्या पानांवर काय लिहिले आहे

योग्य उत्तर निवडणाऱ्याला `b^(-1)` हे बरोबर असल्याचे सांगून पुस्तक पुढचा मुद्दा काढते: साध्या भागाकाराने `b^2/b^3` म्हणजे `1/b`, म्हणून `b^(-1)` चा अर्थ `1/b`. पुस्तकाचे वेगळेपण उरलेल्या दोन पानांवर आहे. `b^1` निवडणाऱ्याला किंचित दटावणीच्या सुरात नियम पुन्हा दाखवला जातो, की अंशाच्या घातांकातून छेदाचा घातांक वजा करायचा आहे, उलटे नाही. नियम चालणार नाही असे म्हणणाऱ्याला मात्र धीर दिला जातो: जो नियम दोन्ही घातांक समान असतानाही टिकला, तो छेदाचा घातांक मोठा असतानाही टिकेल, वजाबाकी करून तर बघा. दोघांनाही शेवटी मूळ प्रश्नाकडे परत पाठवले जाते.

या दोन सुरांतला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. `b^1` म्हणणाऱ्याने नियम वापरला, पण चुकीच्या दिशेने. नियम चालणार नाही म्हणणाऱ्याने बहुधा दोनातून तीन वजा करून पाहिले, उत्तर ऋण आले, आणि "b ने स्वतःला उणे एक वेळा गुणायचे" याचा अर्थ काय असा प्रश्न त्याला पडला. ती शंका रास्त आहे. गणिताच्या इतिहासात ऋण घातांक मानायचे की नाही हा खरोखरच व्याख्येचा प्रश्न होता. तीन पर्यायांपैकी कदाचित हाच पर्याय सर्वांत विचारी विद्यार्थ्याचा असेल. गुणपत्रिकेत दोन्ही उत्तरे सारखीच चूक ठरतात, पण क्राउडर यांच्या पुस्तकात ती दोन वेगळ्या माणसांची उत्तरे ठरतात आणि दोघांशी वेगळे बोलले जाते. बहुपर्यायी प्रश्न त्यांच्या दृष्टीने शिकवण्याचे साधनच नव्हते. शिकवणे आधीच्या परिच्छेदात होऊन गेलेले असते. ते पोचले की नाही, आणि नसेल तर कुठे अडले, हे पाहण्यापुरता तो प्रश्न असतो. अध्ययनाच्या कोणत्याही एका सिद्धांतावर आपली पद्धत उभी नाही, असेही ते स्पष्ट सांगत.

हाच प्रश्न रेखीय चौकटींत

बी. एफ. स्किनर यांनी १९५४ मध्ये आणि पुढे १९५८ च्या लेखात मांडलेली भूमिका नेमकी याच्या उलट होती. चांगल्या बहुपर्यायी प्रश्नातले चुकीचे पर्याय विश्वासार्ह वाटावे लागतात, नाहीतर ते कोणी निवडणारच नाही. आणि जे विश्वासार्ह वाटते ते लक्षात राहते. शिकणाऱ्यासमोर मुद्दाम चुका मांडायच्याच कशाला, असा त्यांचा सवाल होता. म्हणून विद्यार्थ्याने उत्तर निवडायचे नाही, स्वतः लिहायचे. चौकटी नावाच्या पायऱ्या इतक्या लहान करायच्या की चूक क्वचितच व्हावी, आणि झालीच तर ती चौकट लिहिणाऱ्याची मानून चौकट दुरुस्त करायची.

वरचा प्रश्न या पद्धतीने मांडायचा तर साधारण पुढीलप्रमाणे चौकटी तयार होतील. त्या या अभ्यासासाठी मी रचल्या आहेत:

```
१.  b^5/b^3 = b^(5-3) = b^__
२.  b^4/b^3 = b^(4-3) = b^__
३.  b^3/b^3 = b^(3-3) = b^__
४.  b^2/b^3 = b^(2 - __)
५.  b^2/b^3 = b^(2-3) = b^__
६.  (b×b)/(b×b×b) = 1/__
७.  b^2/b^3 = b^(-1), आणि b^2/b^3 = 1/b.
    म्हणून b^(-1) = __
```

अंशाचा घातांक पाच, चार, तीन, दोन असा एकेकाने उतरतो आणि उत्तरही दोन, एक, शून्य, उणे एक असे उतरते. इथे नियम चालेल का, ही शंका विद्यार्थ्याच्या मनात येण्याआधीच तो ऋण घातांकापाशी पोचलेला असतो. रचनेचे हे कसब खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. अनेक वर्गांत पाढ्याच्या किंवा संख्यारेषेच्या आधाराने शिक्षक नेमके हेच करतात. पण क्राउडर यांच्या तिसऱ्या पर्यायातल्या विद्यार्थ्यासाठी इथे जागाच नाही. त्याची शंका सोडवली जात नाही, ती उपस्थितच होऊ दिली जात नाही. पुढे कधीतरी कोणी त्याला `b^(-1)` म्हणजे काय असे विचारले, तर "सातव्या चौकटीत तसे होते" यापलीकडे त्याच्याकडे उत्तर असेल की नाही, हे या सात चौकटींतून कळत नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे आणि तो रेखीय पद्धतीच्या आतल्याच माणसाने उघड केला. स्किनर यांचे सहकारी जेम्स हॉलंड यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यावर चौकटी तपासण्याची एक सोपी रीत काढली. चौकटीतला जेवढा मजकूर काळ्या शाईने झाकूनही विद्यार्थ्याचे उत्तर बिघडत नाही, तेवढा मजकूर त्या उत्तरासाठी निरुपयोगी होता असे समजायचे. वरच्या दुसऱ्या चौकटीवर ही रीत लावून पाहा. `b^4/b^3` झाका, बरोबरचे चिन्ह झाका, पायाही झाका. केवळ `4-3` उघडे ठेवा. उत्तर १ येतेच. म्हणजे भागाकाराचा नियम शिकवणारी वाटणारी ही चौकट प्रत्यक्षात दुसरी-तिसरीतली वजाबाकी करून घेते. पाचवी चौकट तर `2-3` एवढ्यावर सुटते. सातवीत विद्यार्थी फक्त जवळचा `1/b` खाली उतरवतो. सातांपैकी चौथी आणि सहावी सोडली तर बहुतेक चौकटी या कसोटीला उतरत नाहीत.

हॉलंड यांच्या कामातून निघालेला निष्कर्ष असा, की उत्तर लिहिल्याने शिकणे तेव्हाच होते जेव्हा ते लिहिण्यासाठी शिकवलेला मजकूर वापरावा लागतो. तसे नसेल तर विद्यार्थी रिकामी जागा भरो अथवा नुसते वाचो, फारसा फरक पडत नाही. लिहून दिलेली उत्तरे आणि मनातल्या मनात दिलेली उत्तरे यांची तुलना करणाऱ्या त्या काळातल्या अभ्यासांचे निकाल परस्परविरोधी का येत होते, याचेही एक स्पष्टीकरण त्यातून मिळाले. चुकांचे प्रमाण कमी हे चांगल्या कार्यक्रमाचे लक्षण मानले की लेखक नकळत अशा फुकटच्या चौकटी लिहू लागतो, कारण तिथे कोणीच चुकत नाही. वरची पाचवी चौकट सुधारायची असेल तर ती अशी लिहावी लागेल: "`b^p/b^q` चे उत्तर `b^(-2)` आले. `p` आणि `q` यांपैकी मोठा कोणता, आणि कितीने?" इथे कोणताही भाग झाकला तर उत्तर देता येत नाही. अर्थात इथे चुकाही जास्त होतील, आणि स्किनर यांच्या मूळ आग्रहाशी त्याचा थोडा संघर्ष होईल.

एका गोष्टीबाबत मात्र पाठ्यपुस्तकातला तक्ता रेखीय पद्धतीवर अन्याय करतो. सगळ्यांना एकच सरळ वाट आणि चुकणाऱ्यासाठी काहीच नाही, असे चित्र त्यातून उभे राहते. हार्वर्डमधल्या स्किनर यांच्या यंत्रात चौकटी एका तबकडीवर असत. विद्यार्थी कागदाच्या पट्टीवर उत्तर लिहायचा. दांडा उचलला की त्याचे उत्तर पारदर्शक झाकणाखाली जायचे, म्हणजे खोडता येत नसे, आणि शेजारी बरोबर उत्तर उघडे पडायचे. जुळले असेल तर तो दांडा आडवा सरकवून तशी खूण करायचा. तबकडीच्या पुढच्या फेरीत बरोबर आलेल्या चौकटी यंत्र गाळून टाकायचे आणि चुकलेल्याच पुन्हा समोर आणायचे, सर्व बरोबर येईपर्यंत. भाषा शिकवणाऱ्या मोबाईल ॲपमध्ये चुकलेले वाक्य धड्याच्या शेवटी पुन्हा येते ते हेच. शिवाय पट्टीवर उरलेली उत्तरे कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या हाती पडत आणि त्यांवरून चौकटी पुन्हा लिहिल्या जात. आज ज्याला आपण वापराच्या नोंदी म्हणतो, त्या कागदी पट्टीच्या रूपात तेव्हाच होत्या, आणि त्या वाचणे हा कामाचाच भाग होता.

तीन दारे आणि दाराबाहेरचे विद्यार्थी

आता पुन्हा क्राउडर यांच्या तीन पर्यायांकडे. शाखीय कार्यक्रम विद्यार्थ्याच्या चुकीप्रमाणे वळतो असे म्हटले जाते. प्रत्यक्षात तो लेखकाने आधी कल्पिलेल्या चुकीप्रमाणे वळतो. या प्रश्नात दोन विद्यार्थी दाराबाहेर राहतात.

पहिला विद्यार्थी घातांकांचीच भागणी करतो. भागाकार आहे तर दोनाला तीनाने भागायचे, म्हणून `b^(2/3)`. हा गैरसमज वर्गात मुळीच दुर्मीळ नाही. त्याला तीन पर्यायांत आपले उत्तर सापडत नाही, म्हणून तो उरलेल्यांतून एक निवडतो, बहुधा "नियम चालणार नाही" हा. आणि पुस्तक त्याला धीर देत बसते, ज्याची त्याला गरजच नव्हती.

दुसरा विद्यार्थी याहून रंजक आहे. तो अंश-छेदांची फोड करतो, वरचे दोन `b` खालच्या दोन `b` शी काटतो आणि `1/b` लिहितो. त्याचे उत्तर पूर्ण बरोबर आहे; पुस्तक ज्या व्याख्येपाशी पुढच्या पानावर पोचणार आहे, तिथे तो एक पान आधीच उभा आहे. प्रश्न "नियम लावून" असा विचारला आहे हे खरे, पण पर्यायांत आपले बरोबर उत्तर न दिसल्यावर हा विद्यार्थी काय करेल? `b^1` आणि `b^(-1)` या दोन्हींत `b` वर आहे, त्याच्या उत्तरात खाली आहे. म्हणून तोही तिसरा पर्याय निवडण्याचा संभव आहे. तेव्हा एकाच धीराच्या पानावर तीन माणसे जमतात: रास्त शंका असलेला, घातांक भागणारा, आणि बरोबर उत्तर आलेला.

`b^1` चे पानही वाटते तितके स्वच्छ नाही. ते उत्तर दोन वेगळ्या कारणांनी येऊ शकते. एक विद्यार्थी प्रत्येक वेळी मोठ्यातून लहान वजा करतो, कारण प्राथमिक शाळेत वजाबाकी म्हणजे तेच असे त्याच्या मनात बसले आहे. दुसरा प्रत्येक वेळी छेदाच्या घातांकातून अंशाचा वजा करतो, म्हणजे नियम उलटा पाठ केला आहे. पुस्तकातली दुरुस्ती दुसऱ्याला नेमकी लागू पडते. पहिल्याला ती अर्धवटच कळते, कारण त्याची खरी अडचण दोनातून तीन जात नाहीत ही आहे. आधीच्या धड्यातले `b^3/b^3` हे उदाहरण या दोघांना वेगळे काढू शकत नाही, कारण कोणत्याही दिशेने वजाबाकी केली तरी शून्यच येते. मात्र `b^6/b^2` विचारले की लगेच उलगडा होतो: मोठ्यातून लहान वजा करणारा `b^4` म्हणतो आणि बरोबर ठरतो, नियम उलटा पाठ केलेला `b^(-4)` म्हणतो. म्हणजे `b^1` च्या पानावर स्पष्टीकरण देण्याआधी हा एक प्रश्न टाकला असता तर त्या पानाची दोन पाने झाली असती आणि दोन्ही नेमकी झाली असती. १९७८ मध्ये ब्राउन आणि बर्टन यांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांवर जे काम प्रसिद्ध केले, त्याचा गाभा हाच होता. त्यांनी चुकीच्या उत्तरांची यादी केली नाही. ती उत्तरे निर्माण करणारे चुकीचे नियम मांडले, आणि कोणते उदाहरण दिल्यावर दोन चुकीच्या नियमांची उत्तरे वेगळी पडतील हे शोधले.

मग क्राउडर यांनी आणखी दारे का ठेवली नाहीत? कारण हिशेबात आहे. प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय आणि प्रत्येक पर्यायातून कायमची वेगळी वाट काढायची म्हटली, तर दहा प्रश्नांनंतर वाटांची संख्या ३ चा दहावा घात, म्हणजे ५९,०४९ होते. असे पुस्तक छापता येत नाही आणि लिहिता तर त्याहून येत नाही. म्हणून प्रत्येक चुकीची वाट एक पान पुढे जाऊन मूळ प्रश्नाकडे परत वळवावी लागते. तसे केले की दहा प्रश्नांना तीसेक पानांत भागते. शाखीय कार्यक्रम म्हणून आपण जे पाहतो, तो बहुतांशी एक सरळ रस्ताच असतो, ज्याला जागोजागी लहान बोळ फुटून पुन्हा त्याच रस्त्याला मिळतात. रेखीय आणि शाखीय कार्यक्रमांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत कोणतीही एक पद्धत सातत्याने सरस ठरली नाही, याचे मला मोठे आश्चर्य वाटत नाही. चांगल्या विद्यार्थ्याला दोन्हींत जवळजवळ एकच वाट दिसते, आणि कच्च्या विद्यार्थ्याला किती लाभ होईल हे बोळातल्या त्या एका पानाच्या मजकुरावर अवलंबून असते. वाटेचा आकार नुसता बदलून तो मजकूर आपोआप सुधारत नाही.

तोच प्रश्न आजच्या पडद्यावर

महाविद्यालयांत आणि प्रशिक्षण संस्थांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या मूडल या प्रणालीत पाठ नावाचा एक घटक आहे. त्यात प्रश्नाचे पान तयार करताना प्रत्येक उत्तरासाठी तीन गोष्टी भरायच्या असतात: ते उत्तर निवडल्यावर दाखवायचा मजकूर, पुढे कोठे उडी घ्यायची, आणि गुण. क्राउडर यांच्या पानावरच्या पृष्ठक्रमांकाची जागा `Jump` या रकान्याने घेतली आहे. त्यापलीकडे रचना तीच आहे. त्यांचा नमुना या साधनात अर्ध्या तासात जसाच्या तसा उतरवता येतो.

प्रत्यक्षात मात्र बहुतेक पाठ तसे उतरत नाहीत, आणि त्याचे एक साधे कारण या साधनातच दडलेले आहे. नवे प्रश्नपान उघडले की पहिल्या उत्तरापुढे उडी `Next page` आणि बाकीच्यांपुढे `This page` अशी आधीच भरलेली असते. घाईत असलेला शिक्षक पहिल्या जागी बरोबर उत्तर लिहितो, खाली दोन चुकीची लिहितो, उड्यांना हात लावत नाही आणि जतन करतो. तयार झालेला पाठ दिसायला शाखीय असतो, पण चुकणारा प्रत्येक जण, प्रयत्न शिल्लक असतील तोवर, त्याच प्रश्नावर परत येतो, काहीही नवे न वाचता. तीन पर्यायांत दोनदा चुकले की तिसरे उत्तर विचार न करता कळते. ठरवून दिलेले प्रयत्न संपले की पाठ तसाच पुढे सरकतो. स्किनर यांचा आक्षेप होता तो इथे पुरेपूर लागू पडतो, कारण चुकीचे पर्याय वाचायला लावले आहेत. आणि क्राउडर ज्यासाठी ते पर्याय ठेवत, ते चुकीचे पान मात्र लिहिलेलेच नाही. दोघांच्याही पद्धतींतले दोष घेतले आणि गुण सोडले, असा हा पाठ होतो. पाठ या अवस्थेत आहे की नाही हे तपासायला वेळ लागत नाही: उड्यांच्या रकान्यात किती ठिकाणी `This page` उरले आहे ते मोजायचे, आणि त्यांपैकी किती उत्तरांखाली "चूक, पुन्हा प्रयत्न करा" यापेक्षा अधिक मजकूर आहे ते पाहायचे.

हाच प्रश्न नीट मांडायचा तर मी पर्याय काढून टाकीन आणि विद्यार्थ्याला उत्तर टंकायला सांगेन, म्हणजे स्किनर यांची अट पाळली जाते. आणि टंकलेल्या उत्तरानुसार वेगवेगळ्या पानांवर पाठवीन, म्हणजे क्राउडर यांचीही. लघुउत्तरी प्रश्नात उत्तरे वरून खाली ताडून पाहिली जातात आणि `*` या चिन्हात कोणतेही उत्तर बसते, म्हणून ते अगदी शेवटी ठेवायचे:

```
b^-1      ->  पान: ऋण घातांकाचा अर्थ
b^(-1)    ->  पान: ऋण घातांकाचा अर्थ
1/b       ->  पान: तुमचे उत्तर नियमाने कसे लिहाल
b^1       ->  पान: b^6/b^2 किती
b         ->  पान: b^6/b^2 किती
b^(2/3)   ->  पान: घातांक भागायचे की वजा करायचे
*         ->  पान: फोड करून पाहू
```

सात ओळी मूळ तीन पर्यायांपेक्षा फार नाहीत, पण `1/b` वाल्याला आता दार आहे आणि त्याचे उत्तर बरोबर असल्याचे त्याला पहिल्याच वाक्यात सांगितले जाते. `b^1` वाल्याला स्पष्टीकरणाआधी निदानाचा प्रश्न मिळतो. "नियम चालणार नाही" म्हणणारा मात्र या रचनेत हरवतो, कारण शंका कोणी टंकत नाही. त्याच्यासाठी प्रश्नाच्या मजकुरातच एक ओळ लागेल, की उत्तर लिहिता येत नसेल तर "नाही" असे लिहावे, आणि यादीत त्या शब्दाची एक वेगळी ओळ लागेल. टंकलेखनाचा त्रासही आहेच. कोणी मध्ये मोकळी जागा सोडेल, कोणी घाताचे चिन्ह विसरून `b-1` लिहील, जे पूर्णपणे वेगळे गणित आहे. फोनवर `^` हे चिन्ह शोधणे हीच कित्येकांना पहिली अडचण वाटेल. म्हणून प्रश्नाआधी एक सरावाचे पान द्यावे, ज्यात विद्यार्थी `b^2` एवढेच टंकून पाहील.

यातली सर्वांत महत्त्वाची ओळ शेवटची, `*` ची आहे. पहिल्या तुकडीनंतर त्या ओळीत काय काय जमले ते उघडून वाचायचे. तिथे एखादे उत्तर पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर ते लेखकाच्या लक्षात न आलेले दार आहे. त्याचे नेमके कारण ठरवण्यासाठी आणखी एक वेगळे पाडणारे उदाहरण शोधावे लागेल, आणि मगच त्याचे पान लिहिता येईल. जर तिथे प्रामुख्याने `b-1` सापडले, तर गैरसमज घातांकाचा नसून टंकण्याचा आहे, आणि दुरुस्त करायचे ते सरावाचे पान. दर तुकडीमागे एकदोन ओळींची भर पडत गेली तर तीन-चार तुकड्यांनंतर हा एक प्रश्न ज्या अवस्थेत येईल, ती पहिल्या दिवशी टेबलाशी बसून कोणालाही कल्पनेने लिहिता आली नसती.